पुट घेतलात, तो विकायचा कधी? : सराफ ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मी तर विमा उतरवलाय, मग आता परत पैसे कसले मागता?" महिनाअखेरीला सराफ कट्ट्यावरून असा एखादा फोन ठरलेला. माणूस चिडलेला असतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चुकतही नाही. विमा म्हणजे इथे पुट: थोडा प्रीमियम भरून, सोन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, ठरलेल्या भावाला विकण्याचा घेतलेला हक्क. म्हणून हे एकदा लिहूनच ठेवतो.

पुट कशासाठी घ्यायचा, हे २३ जुलै २०२४ नंतर कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी अर्थसंकल्पात सोन्यावरची आयात ड्युटी १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली आणि दुकानात भरलेल्या मालाचा भाव बसल्या जागी खाली आला. एमसीएक्स या वायदे बाजाराच्या भावात ड्युटी धरलेली असते, त्यामुळे अशी पडझडही तिथल्या पुटमध्ये भरून निघते. परदेशी बाजाराचा भाव बघत बसलात तर ती दिसणारही नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दुकानात ६०० ग्रॅम बावीस कॅरेटचे दागिने आहेत. ९१६ ने गुणून ९९५ ने भागलं की वायद्याच्या टंचाचं साधारण ५५२ ग्रॅम सोनं होतं. गिऱ्हाइकाला भाव बांधून दिलेला माल यातून आधीच वजा करा, त्याची जोखीम तुमची नाही. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा, म्हणजे पाच लॉट. वायदा दहा ग्रॅमला १,००,००० वर असताना ९८,००० चा पुट ९०० रुपयांना घेतला, तर एका लॉटला ९,००० आणि पाच लॉटना ४५,००० प्रीमियम गेला.

भाव ९२,००० वर आला. मालात ४,४१,६०० चं नुकसान. पुटमध्ये ६,००० गुणिले ५० म्हणजे ३ लाख आले, प्रीमियम वजा जाता २,५५,०००. उरलेले १,८६,६०० तुम्हालाच सोसायचे. त्यात पहिल्या दोन हजारांची पडझड आहे, प्रीमियम आहे आणि लॉटमध्ये न बसलेले ५२ ग्रॅम आहेत. मजुरीला पुटचं संरक्षण नाही. भाव पडलाच नाही तर ४५,००० गेले, पण माल शाबूत.

इथवर सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो पुढे.

हा पुट वायद्यावरचा आहे. नफ्यातला पुट एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे त्याची मुदत संपेपर्यंत, तसाच ठेवला, तर त्याचे रोख पैसे मिळून विषय संपत नाही. त्या रात्री त्याचं रूपांतर ९८,००० ला विकलेल्या पाच लॉट वायद्यात होतं. म्हणजे काल तुमची जोखीम प्रीमियमपुरती होती, आज तुमच्या नावावर ९२,००० च्या भावाने ४६ लाखांचा विक्रीचा सौदा उभा आहे. त्याला मार्जिन म्हणजे अनामत रक्कम लागते, आणि ती एक्स्पायरी जवळ आली की आधीच मागायला सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी भाव १,५०० ने वर गेला तर ७५,००० रोख भरावे लागतात. दुकानातला माल तेवढाच वधारला हे खरं, पण तो गल्ल्यात नंतर येणार. शिवाय थोड्याच दिवसांत डिलिव्हरीचा काळ सुरू होतो. तिथे एक्स्चेंजला मान्य असलेली लगडी लागते, तुमच्या बांगड्या-पाटल्या चालत नाहीत.

त्यात तारीखही फसवते. गोल्ड मिनीचा, म्हणजे GOLDM चा, डिसेंबर वायदा ५ तारखेच्या सुमारास संपतो, पण त्यावरचा पुट नोव्हेंबरअखेरीसच संपतो. नावात डिसेंबर आहे म्हणून डिसेंबरपर्यंत मोकळे आहोत, असं समजू नका. पुट घेतानाच एक्स्पायरीची तारीख स्टॉकच्या वहीत लिहून ठेवा.

उपाय सरळ आहे: एक्स्पायरीच्या दोन-तीन दिवस आधी पुट बाजारातच विका. संरक्षण अजून हवं असेल तर त्याच वेळी पुढच्या महिन्याचा घ्या. विकताना भाव टाकून ऑर्डर द्या. स्ट्राइक, म्हणजे पुटचा ठरलेला भाव, चालू भावापासून लांब असेल तर घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात मोठं अंतर असतं, तिथे "मिळेल त्या भावाला" म्हणालात तर नफ्यातला वाटा तिथेच जातो.

"तुम्हीच परस्पर का विकत नाही?" असंही विचारलं जातं. तुमच्या सूचनेशिवाय सौदा करण्याची आम्हाला परवानगी नाही, आणि ती नसणं तुमच्याच हिताचं आहे. आम्ही एक्स्पायरीच्या तीन दिवस आधी फोन करतो, रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरच. गड्ड्याच्या यात्रेत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, फोन घेणं होत नाही, हे आम्हालाही कळतं. तेव्हा अशा दिवसांत विक्रीचा भाव आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी तुमच्या वतीने सौदा सांगण्याचे रीतसर अधिकारपत्र द्या. नुसतं "पोराला सांगितलंय" चालत नाही.

लॉट किती लागतील याचा हिशेब आम्ही फुकट करून देतो, सौदा आमच्याकडे केलात किंवा नाही केलात तरी. येताना स्टॉकची वही आणा, आणि भाव बांधून घेतलेल्या ऑर्डरींची यादी वेगळी आणा. ती यादी बहुतेक जण विसरतात.