हिरव्या ठिपक्याच्या मागे काय आहे? थोडी पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात आतेभाऊ दुबईहून आला आणि पोरांसाठी लाल लाल गमी कँडीची पाकिटं घेऊन आला. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही नसतो, त्यात आत्या म्हणे "अगं गोड आहे ना, गोडात काय मांसाहार असणार". पाकिटावर ठिपकाच नव्हता, ना हिरवा ना तपकिरी, मागे नुसतं इंग्रजी-अरबी बारीक अक्षर. ते वाचायला बसले तेव्हापासून हा सगळा इतिहास शोधत बसलेय.

तर आपल्याला ठिपक्याची इतकी सवय झालीय की तो कायमचाच असल्यासारखा वाटतो, पण तो आला 2001 मध्ये. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती झाली आणि गंमत म्हणजे आधी सक्ती झाली ती तपकिरी ठिपक्याची, शाकाहाराचा हिरवा त्याच वर्षी डिसेंबरच्या अधिसूचनेने आला. पुढे 2020 च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या चौकोनात ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला, कारण ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत त्याला दोन्ही ठिपके सारखेच दिसायचे.

पण हे चिन्ह भारतात विकायच्या पाकिटासाठी आहे. सीताबर्डीत कुठे इम्पोर्टेड माल घेतला तर आयात करणाऱ्याने स्टिकर लावून ते दिलेलं असायला पाहिजे, पाहुण्याच्या बॅगेतून आलेल्या पाकिटाला मात्र कोण लावणार, ते आपणच वाचायचं.

आमच्या गमीच्या मागे होतं ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन, मग रंगाचा कोड ई १२०, आणि शेवटी चकाकीसाठी ई ९०४. जिलेटिन सरळ नावाने लिहिलेलं होतं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांतून काढलेलं, तिथेच विषय संपला. (फळाच्या पेक्टिनवर किंवा अगरवर केलेल्या गमी मिळतात, त्यांना ही अडचण नाही.)

ई १२० म्हणजे कार्माइन, आणि याचा इतिहास भारी आहे. मेक्सिकोकडे निवडुंगावर कोचिनियल नावाचा छोटा किडा असतो, त्याच्या माद्या वाळवून त्यातून लाल रंग काढतात. एक किलो वाळलेल्या किड्यांत साधारण दीड लाख किडे भरतात! स्पेनने या रंगावर कितीतरी वर्षं पैसा केला म्हणून ईस्ट इंडिया कंपनीलाही तो इथे हवा होता. 1795 मध्ये किडे ब्राझीलहून कलकत्त्याला आणले, पण ते निघाले हलक्या जातीचे, रंग काही नीट मिळेना, उलट इथली निवडुंगं मात्र त्यांनी खाऊन साफ केली.

आता खरी गडबड नावांची आहे, कारण मीही आधी चुकले. इथल्या बिस्किट-सरबतांवर ई च्या जागी आयएनएस लिहितात, आकडा तोच, तिथे आयएनएस १२२ कार्मोइसिन दिसतं, ते वाचून लोक घाबरतात, पण ते कारखान्यात बनवलेलं सिंथेटिक आहे, त्यात किडा नाही. १३२ इंडिगो कार्माइन निळं, तेही सिंथेटिकच. आणि कहर म्हणजे १२४ पोन्सो ४आर, त्याचं दुसरं नाव कोचिनियल रेड ए, तरी किड्याशी संबंध शून्य! म्हणून नावाच्या आवाजावर जाऊ नका राजेहो, आकडा बघा, या रंगांत किडा आहे तो फक्त १२० मध्ये. अमेरिकेत तर पूर्वी नुसतं "कलर अॅडेड" लिहून चालायचं, कार्माइनचं नाव स्पष्ट लिहायची सक्ती तिथे 2011 पासून झाली.

ई ९०४ म्हणजे शेलॅक, आपली लाखच की, पळसावर-कुसुमावर किडा सोडतो ती. इथे मला नियमच खटकतो. 2020 च्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख यांना वगळलंय, म्हणजे लाखेची चकाकी दिलेल्या चॉकलेट गोळीवर हिरवा ठिपका अगदी कायदेशीर असू शकतो. जैन घरांत मध चालत नाही, लाखही टाळतात, त्यांना ठिपका पुरत नाही.

चीजचं उलट आहे. आपल्या मानकात चीजसाठी दूध घट्ट करणारं रेनेट प्राण्याचं नसलेलंच लागतं, त्यामुळे इथल्या चीजची चिंता नसते, पण इटलीचं अस्सल पार्मिजानो वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय बनतच नाही, त्यांचा तसा नियमच आहे.

राहिले ते दोन्हीकडून बनणारे आकडे. चिप्स-नूडल्सच्या मसाल्यातलं ६३१ मांसातून किंवा माशातून निघतं आणि स्टार्च आंबवूनही निघतं, आकडा तोच. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच ६३१ चं उदाहरण घेऊन सांगितलं की नुसता कोड पुरत नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा तेही उघड करा, प्रमाण कितीही कमी असो. म्हणून इथल्या पाकिटावर ६३१ आणि हिरवा ठिपका दोन्ही असेल तर तो वनस्पतीचा आहे असं कंपनीने स्वतः जाहीर केलंय. दुबईच्या पाकिटावर नुसता आकडा असेल तर ते कळायला मार्ग नाही, मी बाजूला ठेवते.

गमीची पाकिटं शेवटी शेजारच्या पोरांना दिली, त्यांच्याकडे सगळं चालतं. आत्या अजून म्हणते की किड्याचं काही तिला पटलं नाही.