गावनकाशा आणि सातबारा जुळत का नाही, आणि जुळवायचा कसा : थोडी पार्श्वभूमी

गावचा नकाशा हातात घेतला की पहिला प्रश्न हाच पडतो की माझ्या सातबाऱ्यावरचा गट नंबर यात दिसतोय, पण आकार वेगळा वाटतोय, क्षेत्र मोजलं तर थोडं जास्त भरतंय, आणि मग खरं काय धरायचं? याचं उत्तर नकाशा कुणी, कधी आणि कशासाठी काढला यात आहे, म्हणून आधी थोडं मागे जाऊ. एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांबद्दल आहे म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण वगैरे. मराठवाडा निजामाकडे होता आणि विदर्भाची पद्धत निराळी, तिथला इतिहास वेगळा लिहावा लागेल.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला शेतसारा बसवायचा होता. १८२०च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी आणि आकारणी केली, पण मोजणी कच्ची निघाली, सारा डोईजड झाला आणि शेतकरी जमिनी सोडून जायला लागले. मग १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं, आणि त्यातून जी पद्धत बसली तिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो तिथून आला. त्यात मालक कोण हा मूळ प्रश्नच नव्हता. एका बैलजोडीने कसता येईल साधारण एवढा तुकडा धरायचा, त्याला नंबर द्यायचा, चारी बाजूंनी बांध घालायचे, कोपऱ्यांवर दगड किंवा मातीचे बुरूज उभे करायचे आणि त्या नंबरावर सारा बसवायचा. म्हणून कोरडवाहू माळावर नंबर मोठमोठे आहेत आणि भातखाचरांच्या भागात बारीक बारीक. नकाशा बघताना हे लक्षात ठेवा की त्या रेषा मुळात साऱ्याच्या रेषा आहेत, वाटणीच्या नाहीत.

मोजणी झाली ती शंकू-साखळीने. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतातून एक लांब सरळ रेषा धरायची, तिच्यावर ठिकठिकाणी शंकू लावून काटकोनात दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब मोजायचे आणि हे आकडे एका कागदावर लिहायचे. तो कागद म्हणजे टिपण. टिपणातली आकृती ओबडधोबड असते, स्केलवर नसते, पण तिच्यावर लिहिलेले साखळी-आणे हेच प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेलं माप. क्षेत्र या आकड्यांवरून काढलं, त्रिकोण आणि चौकोन पाडून गुणाकार करून. गावनकाशा त्यानंतर आला, सगळ्या नंबरांना एका कागदावर शेजारीशेजारी बसवून. त्यामुळे नकाशा कितीही देखणा असला तरी वादात वजन टिपणाला जास्त, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि ते नकाशाच्या रंगीत प्रिंटवर फुटपट्टी ठेवून भावकीत भांडत बसतात.

आता स्केल. जुने गावनकाशे बऱ्याचदा एका मैलाला ८ इंच या प्रमाणात आहेत, म्हणजे १ इंच = ६६० फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीच्या २० साखळ्या, आजच्या भाषेत १:७९२०. यात एक सोय आहे, नकाशावरचा १ चौरस इंच म्हणजे बरोबर १० एकर. सेंटीमीटरमध्ये म्हणाल तर १ सेमी = ७९.२ मीटर. पण याच स्केलचा दुसरा अर्थ असा की अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास ४ मीटर रुंद होते. बांधावरचा वाद कितीचा असतो, हातभर, दोन हात, फार तर पाच-सहा फूट. तो वाद या नकाशाच्या रेघेच्या आतच बुडून जातो, म्हणून गावनकाशावरून बांध ठरत नाही, नंबर कुठे आहे, शेजारी कोण आहे, नाला कुठून जातो, रस्ता कुठल्या बाजूला आहे एवढंच ठरतं. आणि झेरॉक्स काढलेला किंवा मोबाईलवर झूम केलेला नकाशा असेल तर लिहिलेलं प्रमाण धरूच नका, नकाशावर छापलेली स्केलपट्टी असते ती मोजा, कारण कागद लहान-मोठा झाला की पट्टीही त्याच प्रमाणात बदलते पण लिहिलेला आकडा तसाच राहतो.

पुढे काय झालं तर, भाऊ वेगळे झाले, सर्व्हे नंबर जमिनीवर वाटले गेले, नकाशात मात्र एकच. मालकी-कब्जाची नोंद ठेवायचा कायदा आला १९०३ साली, म्हणजे पहिल्या मोजणीनंतर साठ-सत्तर वर्षांनी, आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात घेतला गेला. यातूनच पुढे आपला सातबारा तयार झाला, नमुना ७ म्हणजे हक्क आणि नमुना १२ म्हणजे पिकं. पोटहिस्से पण त्यानंतर मोजले गेले आणि ८४/१, ८४/२ असे नंबर आणि फाळणीचे नकाशे निघाले. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. नकाशा, टिपण, फाळणी ही कागदपत्रं भूमी अभिलेखकडे, सातबारा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), आणि दोघांना बांधणारा धागा म्हणजे फक्त नंबर आणि क्षेत्र. मालकाचं नाव नकाशावर नसतं आणि शेताचा आकार सातबाऱ्यावर नसतो.

त्यात १९४७चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. गावोगावी योजना राबवली, विखुरलेले तुकडे एकत्र करून गट नंबर दिले, नवे गटनकाशे निघाले. काही गावांत ती योजना झालीच नाही, म्हणून कोकणात अजून बऱ्याच ठिकाणी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. जिथे झाली तिथे कागदावर अदलाबदल झाली आणि वहिवाट मात्र जुन्याच जागी राहिली, अशी उदाहरणं पण आहेत, त्याच्या केसेस अजून चालू असतात.

एक उदाहरण धरू, आकडे समजायला घेतलेत. सर्व्हे नंबर ८४ चं क्षेत्र ६ एकर २० गुंठे, दोन भावांत सारखं वाटलं, ८४/१ आणि ८४/२ प्रत्येकी ३ एकर १० गुंठे. एकत्रीकरणात ८४/२ ला शेजारचा ८५/१ जोडला, तो १ एकर ३० गुंठे, मिळून ५ एकर, आणि नवा गट नंबर झाला २१२. आता सातबारा हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे १.०११७ आर. दोन तुकडे वेगवेगळे बदलले तर १३० गुंठ्यांचे १.३२ हेक्टर आणि ७० गुंठ्यांचे ०.७१, बेरीज २.०३. पण २०० गुंठे एकदम बदलले तर २.०२. कुणी चोरलं नाही, कुणी खाल्लं नाही, निव्वळ राउंडिंगमध्ये एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा इकडचा तिकडे झाला, आणि एक-दोन आरचा फरक दिसला की आधी हेच तपासायचं.

सातबाऱ्यावर समजा २.०२ आहे. आधी बघा की हे एकूण क्षेत्र आहे की फक्त लागवडीयोग्य, कारण पोटखराब खाली वेगळा लिहिलेला असतो आणि लोक तो मिळवायला विसरतात, नकाशातल्या आकृतीत मात्र नाल्याकाठचा खडकाळ भाग पण आलेला असतो. मग नकाशावर २१२ शोधला, तो साधारण आयत निघाला, २.२ सेमी बाय १.५ सेमी. गटनकाशा १:७९२० चा असेल तर १७४ मीटर बाय ११९ मीटर, म्हणजे साधारण २.०७ हेक्टर. पाच आर जास्त आले म्हणून लगेच खूश व्हायचं कारण नाही, रुंदी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ७ आर फिरतात. म्हणजे इथे नकाशा आणि सातबारा जुळले असंच म्हणायचं. हेच जर २.६० आलं असतं किंवा १.५० आलं असतं तर मात्र थांबायचं, एक तर स्केल चुकीचं धरलंय, नाहीतर नंबरच वेगळा बघतोय, नाहीतर मधे काहीतरी बदल झालाय जो एका कागदावर आलाय आणि दुसऱ्यावर नाही.

क्षेत्रापेक्षा पक्की खूण म्हणजे शेजार. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस नाला वगैरे. नकाशावर उत्तर दिशा बघून ते चारही शेजारी जुळवा. तीन जुळले आणि चौथा जुळला नाही तर बहुतेक वेळा चौथ्या बाजूच्या गटाची फोड झालेली असते. पण खतात जुने सर्व्हे नंबर आणि नकाशात गट नंबर असतील तर थेट जुळवायला जाऊ नका, मधे जुन्या-नव्या नंबरांचं कोष्टक लागतं, ते एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यात मिळतं. त्यात जुना नंबर, क्षेत्र, नवा गट आणि तो कुणाला दिला हे सगळं ओळीने असतं. सातबारा, फेरफार, ९(३)-९(४), मग फाळणी आणि टिपण, असं एकेक पायरी मागे गेलं की गाठ कुठे सुटली ते सापडतं.

मोठ्या फरकाचं एक नेहमीचं कारण रस्ता. समजा २१२ मधून रस्त्याला १२ आर गेले. फेरफार पडला, सातबारा १.९० झाला, पण नकाशात आकृती जुनीच राहिली, कारण नकाशा आणि आकारबंद, म्हणजे प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा लिहिलेली भूमी अभिलेखकडची नोंदवही, दुरुस्त व्हायला कमी-जास्त पत्रक व्हावं लागतं, त्याला सगळे कजाप म्हणतात. कधी उलटंही होतं, मोजणी होऊन कजाप झालं पण त्याचा अंमल सातबाऱ्याला दिलाच नाही. अशा वेळी आकारबंदाचा उतारा काढून क्षेत्र ताडून बघायचं. सातबारा १.९० आणि आकारबंद २.०२ असेल तर कजाप राहिलंय, आकारबंद १.९० आणि सातबारा २.०२ असेल तर तलाठ्याकडे अंमल राहिलाय, म्हणजे अर्ज कुठल्या ऑफिसात करायचा ते यावरून कळतं.

कागद जुळले आणि तरी जमिनीवर वाद असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात हद्द कायमच्या मोजणीचा अर्ज करायचा. आता मोजणी मशीनने होते पण मोजणीदाराने जुनं टिपण किंवा गटाचा मूळ नकाशा बसवूनच हद्द दाखवायची असते, फक्त आजची वहिवाट मोजून नाही, आणि हे जागेवर उभं राहून विचारायला लाजू नका. शेवटी मोजणी नकाशाची जी क प्रत मिळते तिच्यावर मूळ हद्द आणि वहिवाटीची हद्द अशा दोन रेषा वेगवेगळ्या दाखवलेल्या आहेत का ते बघा. दोन्हींत फरक असेल तर शेजाऱ्याचं अतिक्रमण किती आणि कुठल्या बाजूने हे त्याच कागदावर आकड्यात लिहिलेलं असायला हवं.