मेल जुन्या पत्त्यावर गेला: उशीर माफ करून घ्यायचा की उशीर झालाच नाही म्हणायचे?

गेल्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात दोन पक्षकार आले. एक गांधीबागचे कापडाचे व्यापारी, दुसऱ्या धरमपेठेतल्या निवृत्त प्राध्यापिका. दोघांची तक्रार शब्दशः एकच होती: आयकराचा आदेश जुन्या ई-मेलवर गेला, कळलेच नाही, आता अपिलाची मुदत संपली. व्यापारी तर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मेल आलाच नाही न भाऊ, मंग उशीर कायचा?"

गंमत अशी की हा प्रश्न त्यांच्या प्रकरणात चुकीचा होता आणि प्राध्यापिकाबाईंच्या प्रकरणात अगदी बरोबर. तक्रार एक असली तरी कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात विलंब झालेला असतो आणि तो माफ करून घ्यायचा असतो. दुसरीत मुदत उशिरा सुरू झालेली असते, म्हणून माफ करण्याजोगे काही उरतच नाही.

दोघांचेही आदेश 2023-24 या कर-निर्धारण वर्षाचे, म्हणजे 1961 च्या कायद्याखालचे. त्याच्या कलम 249 प्रमाणे आयुक्त (अपील) यांच्याकडे पहिले अपील 30 दिवसांत करायचे असते. हे 30 दिवस आदेशावरच्या तारखेपासून मोजत नाहीत. मागणीची नोटीस बजावली गेली त्या दिवसापासून मोजतात, आणि बजावणीचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न 'मी मेल वाचला का' हा नसतोच. 'कायद्याच्या लेखी बजावणी कधी झाली' हा असतो.

त्याचे उत्तर आयकर नियम 127 मध्ये मिळते. ज्या वर्षाचा आदेश आहे त्या वर्षाच्या विवरणपत्रातला ई-मेल, शेवटच्या विवरणपत्रातला ई-मेल, किंवा तुम्ही स्वतः विभागाला कळवलेला ई-मेल, यांपैकी कोणत्याही पत्त्यावर पाठवले तरी चालते. 'जुना' ई-मेल असा शब्द नियमात नाही. तुमच्यासाठी जुना झालेला पत्ता त्या वर्षाच्या विवरणपत्रात छापलेला असेल, तर तो विभागासाठी चालू पत्ताच आहे.

व्यापाऱ्यांचे विवरणपत्र काढून पाहिले. पहिल्याच भागात ई-मेलच्या रकान्यात त्यांच्या मुनीमजींचा पत्ता होता. मुनीमजी 2024 च्या दिवाळीत काम सोडून गेले, पत्ता तसाच राहिला. आदेश 18 मार्च 2025 चा, त्याच दिवशी त्या पत्त्यावर पोचलेला. बजावणी वैध. मुदत 17 एप्रिलला संपली. 2 सप्टेंबरला दुसऱ्या वर्षाचा परतावा या मागणीत वळता होणार असल्याचा एसेमेस आला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळले. अपील 19 सप्टेंबरला दाखल झाले. विलंब 155 दिवस.

इथे मार्ग कलम 249(3) चा. मुदतीत न येण्याला पुरेसे कारण होते अशी आयुक्तांची खात्री पटली, तर ते अपील दाखल करून घेऊ शकतात, आणि किती दिवसांपर्यंत याची वरची मर्यादा या पोटकलमात नाही. पण खात्री कोऱ्या वाक्याने पटत नाही. "ई-मेल न मिळाल्याने विलंब झाला" एवढ्यावर अर्ज फेटाळला गेला तर मला तरी नवल वाटणार नाही.

आम्ही 155 दिवसांचे दोन तुकडे केले. पहिले 138 दिवस, 18 एप्रिल ते 2 सप्टेंबर, हे माहितीच नसल्याचे. त्यासाठी मुनीमजींचे लेखी निवेदन, त्यांनी काम सोडल्याचे दाखवणारी पगारनोंद, आणि व्यापाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र. उरलेले 17 दिवस कळल्यानंतरचे, आणि बहुतेक अर्ज इथेच गप्प असतात. आदेश 4 सप्टेंबरला पोर्टलवरून उतरवला, मग खरेदीची बिले आणि बँकेचे उतारे गोळा केले, 15 तारखेला मजकूर तयार झाला, 19 ला दाखल. हे तारखांसह लिहिले. अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये म्हटले होते की रोजच्या रोजचा हिशेब मागण्याचा कोता आग्रह धरू नये. खरे आहे, पण त्याच्या भरवशावर रकाना रिकामा सोडू नये.

आणखी एक पथ्य आम्ही पाळले: अर्जात "नोटीस बजावलीच नाही" हे वाक्य कुठेही येऊ दिले नाही. बजावणी झाली, आम्हाला कळली नाही, एवढेच म्हटले. वैध बजावणी नाकारली की उरलेल्या खऱ्या कारणावरचाही विश्वास उडतो. पोर्टलवर `e-Proceedings` मध्ये आधीच्या एखाद्या नोटिशीला त्याच ई-मेलवरून उत्तर गेलेले दिसले, तर मग बोलायलाच नको.

बाईंचे विवरणपत्र उघडले तर चित्र उलटे. त्या वर्षाच्या, आणि नंतरच्याही विवरणपत्रात नवा पत्ता. `My Profile` मध्येही नवाच. मार्चमधला आदेश मात्र महाविद्यालयाने दिलेल्या, निवृत्तीनंतर बंद झालेल्या पत्त्यावर गेला होता. नियम 127 मधल्या कोणत्याच खणात तो पत्ता बसत नव्हता. त्यांनीही आदेश 4 सप्टेंबरलाच पोर्टलवरून काढला. तीच बजावणीची तारीख धरली, तर मुदत 4 ऑक्टोबरपर्यंत. 19 सप्टेंबरचे अपील मुदतीतले. फॉर्म 35 मध्ये बजावणीची तारीख 4 सप्टेंबर लिहिली आणि विलंब आहे का, याला 'नाही' म्हटले.

विभाग म्हणू शकतो की आदेश पोर्टलवर होताच. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2024 मध्ये नोटीस फक्त पोर्टलवर टाकणे ही पुरेशी बजावणी मानली नाही. तो निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा नाही, म्हणून मी सोबत एक पर्यायी अर्जही जोडला: आमचे म्हणणे अबाधित ठेवून, बजावणी मार्चमधली धरलीच तर विलंब या कारणांनी माफ व्हावा. अर्ज एकच पानाचा. मुख्य म्हणणे आणि पर्याय एकाच परिच्छेदात कालवले की दोन्ही पातळ होतात.

जीएसटीवाल्यांनी हा फरक जास्तच जपावा. तिथे कलम 107 प्रमाणे आदेश कळवल्यापासून तीन महिने, आणि पुरेसे कारण असेल तर वर फक्त एक महिना. त्यापुढे अपील अधिकाऱ्याला माफीचा अधिकारच नाही. कारण कितीही खरे असो. पोर्टलवर आदेश उपलब्ध करणे ही बजावणीची एक पद्धत म्हणून कलम 169 मध्येच लिहिली आहे, त्यामुळे 'मुदत सुरूच झाली नाही' हे म्हणणेही आयकरापेक्षा जड जाते. व्यापाऱ्यांचे ते 155 दिवस जीएसटीत असते तर अपिलाचे दार बंद, आणि सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयात रिट घेऊन जाणे एवढेच उरले असते.

फॉर्म 35 मध्ये अपिलाच्या नोटिसा कुठे पाठवायच्या असा रकाना असतो. सादर करण्याआधी व्यापाऱ्यांचा फॉर्म एकदा शेवटचा वाचला, तर आमच्याच कार्यालयातल्या मुलाने तिथे मुनीमजींचा ई-मेल भरून ठेवला होता.