ध्वनिमुद्रण उतरवणे

मुलाखत, बैठक किंवा सभा यांचे ध्वनिमुद्रण कानांनी ऐकून, जसे बोलले गेले तसे लेखी करणे. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर परिसरातील बोलण्याच्या आधारे एकमेकांवर चढलेले आवाज आणि नीट न कळणारे शब्द यांचाच मुख्यतः विचार केला आहे.

संज्ञा : या कामाला मराठीत एकच नाव रुळलेले नाही. 'श्रुतलेखन' हा शब्द शाळेतल्या तासाने व्यापला आहे. 'शब्दांकन' वृत्तपत्रांत आणि दिवाळी अंकांत सर्रास वापरतात, पण तिथे मुलाखतीचा मजकूर नीटनेटका करून लेखाच्या रूपात मांडणे अभिप्रेत असते. 'लिप्यंतर' म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत नेणे, त्यामुळे इथे तो शब्द चुकीचाच ठरतो. भाषाविज्ञानाच्या लेखनात 'प्रतिलेखन' आढळतो आणि काटेकोरपणाच्या दृष्टीने तो अधिक बरा वाटतो. विधिमंडळात भाषणे शब्दशः टिपणाऱ्याला 'प्रतिवेदक' म्हणतात. संस्थेच्या सभेचे 'इतिवृत्त' मात्र वेगळे, कारण त्यात ठराव आणि निर्णय येतात, बोलणे येत नाही. प्रत्यक्ष काम करणारे लोक यातले काहीच न म्हणता 'टेप उतरवली' म्हणतात. टेप केव्हाच गेली, क्रियापद राहिले.

पूर्वपीठिका : ऐकलेले जसेच्या तसे लिहिण्याची मराठी परंपरा काही अभ्यासक महानुभावांपर्यंत नेतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी निरनिराळ्या व्यक्तींकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. नेमके वर्ष विवाद्य आहे. एकाच प्रसंगाची दुसऱ्याने सांगितलेली हकिकत वेगळी असेल, तर ती गाळून न टाकता 'वासना' म्हणून सोबत ठेवण्याची पद्धत महानुभाव ग्रंथपरंपरेत दिसते. न जुळणारे न लपवण्याचा हा बाणा प्रस्तुत विषयाला जवळचा आहे, हे खरे. तरीही तिथे आधार स्मरणाचा होता. तोच क्षण पुन्हा ऐकता येण्याची सोय ध्वनिमुद्रणाने आली, आणि या कामाचे खरे प्रश्न त्या सोयीतूनच निघाले. म्हणून हा वंशवृक्ष ओढूनताणून जोडलेला वाटतो.

आज वापरात असलेल्या खुणांचा उगम बराच अलीकडचा आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी टेलिफोनवरील आणि समोरासमोरच्या संभाषणांचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी गेल जेफरसन (1938–2008) यांनी ध्वनिफिती उतरवण्याची पद्धत घडवली. सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ व जेफरसन यांचा संभाषणात बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याविषयीचा निबंध 1974 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पद्धतीचा प्रसार झाला. दोघांचे बोलणे जिथे एकमेकांवर येते तिथे चौकटी कंस, एकाचे संपताच क्षणाचीही फट न पडता दुसऱ्याचे सुरू झाले तर बरोबरची खूण, विरामाची लांबी सेकंदाच्या दशांशात, आणि संशयित शब्दाभोवती साधा कंस अशा तिच्या मुख्य खुणा आहेत. यातली प्रत्येक खूण जेफरसन यांचीच का, यावर मतभेद होऊ शकतो. संपूर्ण व्यवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते, ते योग्यच आहे.

देवनागरीत ही व्यवस्था जशीच्या तशी चालत नाही. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक रोमन अक्षर सारख्या रुंदीचे असल्याने वरच्या ओळीतला कंस आणि खालच्या ओळीतला कंस एकाखाली एक आणता येई आणि आवाज कुठे भिडले ते डोळ्यांना दिसे. देवनागरीत जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांमुळे रुंदी बदलत राहते. फाँट बदलला की कंस सरकतात. यावर सोपा उपाय म्हणजे कंसांना क्रमांक देणे. पहिल्या ठिकाणी भिडलेल्या दोन्ही तुकड्यांना 1, पुढच्यांना 2. मग ओळी कशाही सरकल्या तरी जोड्या तुटत नाहीत.

अस्पष्ट शब्द : उदाहरणादाखल करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावरची मुलाखत घेऊ. बोलणारा वयस्क गुळव्या, विचारणारा विद्यार्थी, मोबाइल दोघांच्या मध्ये खाटेवर आणि मागे ऊस पिळणाऱ्या घाण्याची मोटर चालू. गुळाच्या रंगाविषयीचे एक वाक्य पहिल्या ऐकण्यात असे उतरते :

विद्यार्थी : मग रंग कशानं [1 जातो? 1]
गुळव्या : [1 ऐक की, 1] (चुना? / जुना? 12:40) जास्त घातला की रंग जातोय.

चुना आणि जुना यांतला पहिला वर्ण तोंडात जवळपास एकाच जागी तयार होतो. फरक एवढाच की 'ज' म्हणताना स्वरतंतू कंप पावतात, 'च' म्हणताना नाही. हा कंप खालच्या पट्टीत असतो आणि मोटरची घरघरही त्याच पट्टीत. म्हणजे दोन शब्द ज्या खुणेने वेगळे ओळखायचे, नेमकी तीच झाकली गेली आहे. आवाज वाढवून इथे काही मिळत नाही, घरघरही तितकीच वाढते.

संदर्भाने निकाल लागेल असे वाटते, पण तसे होत नाही. रस निवळताना चुना जास्त झाला की गूळ काळपट होतो. तोडून पडलेला ऊस गाळला तरी रंग बिघडतोच. म्हणजे दोन्ही वाचने गुऱ्हाळाच्या दृष्टीने खरी आहेत. 'चुना'च्या बाजूने एक गोष्ट आहे. तोडून ठेवलेल्या उसाला इथले लोक 'शिळा' म्हणतात, 'जुना' नव्हे. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे पारडे समसमान राहील.

दुसरा आधार त्याच ध्वनिमुद्रणात शोधावा लागतो. एकतिसाव्या मिनिटाला मोटर बंद आहे आणि गुळव्या 'चुन्याची निवळी' म्हणतो. पुढे कुठे तरी 'जुनं चुलवाण' असेही येते. हे दोन स्पष्ट उच्चार आणि संशयित तुकडा एकामागून एक ऐकायचे. 'च'मधला सरसरता भाग 'ज'पेक्षा लांब असतो आणि तो वरच्या पट्टीत असल्याने घरघरीतूनही निसटून ऐकू येतो. ध्वनिसंपादनाच्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्याची लांबी डोळ्यांनीही मोजता येते. इथे ती 'चुन्याची'शी जुळली, तर कंसात फक्त 'चुना?' ठेवावे. प्रश्नचिन्ह काढू नये.

प्रश्नचिन्हाचा हा आग्रह विनाकारण नाही. रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये केलेल्या प्रयोगात एका वाक्यातील एक वर्ण पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला होता. 20 पैकी 19 श्रोत्यांना एकही वर्ण गहाळ वाटला नाही. कान रिकामी जागा अपेक्षेने भरतो आणि भरले हे कळूही देत नाही. एकदा 'चुना' असे मनात ठरले की पुढच्या दहा वेळा 'चुना'च ऐकू येतो, त्यामुळे दहा वेळा ऐकले हा पुरावा ठरत नाही. म्हणून दुसऱ्या माणसाला आपला अंदाज न सांगता तुकडा ऐकवावा. 'चुना म्हणतोय ना बघ' असे विचारले की तपासणी संपली. वेग कमी करायचा तर पाऊणपटीपर्यंतच. त्याखाली स्वर ताणले जातात आणि व्यंजनांच्या कडा पुसट होतात. मूळ वक्त्याला फोन करून विचारणे चांगलेच, मात्र त्याचे उत्तर हे आजचे विधान आहे. ते तळटिपेत जाते, कंसात नाही.

मुळीच कळत नाही तिथे काय लिहावे, याबद्दल दोन प्रघात आहेत. काही जण नुसते टिंब देतात. त्यापेक्षा वेळ आणि कारण देणे अधिक उपयोगी : (अस्पष्ट, सुमारे दोन शब्द, मोटरचा आवाज, 14:05). टिंबांचा दुसरा अर्थ, मजकूर मुद्दाम गाळला, असाही होतो.

एकमेकांवर चढलेले आवाज : दोन माणसे एकाच वेळी बोलत असली तरी समोर बसलेल्याला एकाकडे लक्ष लावता येते. 1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी याचा अभ्यास केला. दोन आवाज दोन कानांना वेगवेगळे दिले की श्रोता एक सहज निवडतो, दोन्ही एकत्र मिसळून दिले की धडपडतो. मोबाइलचे ध्वनिमुद्रण पुष्कळदा असे मिसळलेलेच असते. त्यामुळे मुलाखत घेताना जे कळले होते ते घरी ऐकताना कळत नाही, आणि उतरवणारा स्वतःच्या कानांना दोष देत बसतो. अशा ठिकाणी एकदा फक्त पहिल्याचा आवाज धरून उतरवावे, दुसऱ्यांदा फक्त दुसऱ्याचा. दोन्ही एकदम उतरवू गेल्यास एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी पडतात.

कोल्हापुरात याला आणखी एक गाठ आहे. इथल्या अनेक स्त्रिया स्वतःविषयी 'मी आलो', 'मी जातो' अशी रूपे वापरतात. नवरा-बायको एकत्र बोलत असताना क्रियापदावरून वक्ता ठरवायला गेले की बायकोची वाक्ये बिनबोभाट नवऱ्याच्या नावावर जमा होतात. बाहेरगावचा टंकलेखक कधी उलट करतो, बाईचा आवाज ओळखून 'आलो'चे 'आले' करून टाकतो. पहिली चूक माणसाची, दुसरी भाषेची. तिसरी याहून वाईट : 'चुना घातला न्हवं' यातल्या 'न्हवं'चा अर्थ 'घातला ना?' असा होतो. त्याचे प्रमाण मराठीत 'नव्हे' केले की होकाराचा नकार होतो. या बोलीत नकार 'न्हाई'ने येतो.

सभा : सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेत विषय वाचून होताच एका बाजूने 'मंजूर' आणि दुसरीकडून 'नामंजूर' असा गलका उठतो. 'नामंजूर'मधला 'ना' गर्दीत दबला की शिल्लक 'मंजूर'च उरते. म्हणून अशा ध्वनिमुद्रणात होकार प्रत्यक्षापेक्षा मोठा ऐकू येण्याचा धोका असतो. शिवाय ध्वनिक्षेपकाजवळचे दहा जण मांडवाच्या टोकाकडील शंभरांना झाकतात. इथे आवाज मोजण्याचा मोह टाळून (अनेक आवाज एकाच वेळी, 'मंजूर' व 'नामंजूर' दोन्ही, प्रमाण ठरत नाही, 48:10–48:35) एवढेच लिहावे. बहुमत कोणाचे होते हे ध्वनिमुद्रणावरून ठरत नाही.

न्यायालयीन वापर : ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (1973) या प्रकरणात मान्य केले. 'राम सिंह विरुद्ध कर्नल राम सिंह' (1985) प्रकरणात ज्या अटी सांगितल्या, त्यांत वक्त्याचा आवाज ओळखला जाणे आणि तो इतर आवाजांत हरवलेला नसणे याही आहेत. उतरवलेला कागद हा ध्वनिमुद्रणाला पर्याय नसतो, म्हणून मूळ फाइल बदल न करता जपावी आणि स्वच्छ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

वेळ : शांत जागेतल्या दोघांच्या एका तासाच्या मुलाखतीला सवयीच्या माणसाला साधारण चार ते सहा तास लागतात. गुऱ्हाळावरच्या किंवा सभेच्या ध्वनिमुद्रणाला असा हिशेब लावता येत नाही.