डोळा पांढरा झाला म्हणजे बरा झाला?

‘सातपूरला कामावर जाता-येता धुळीने डोळे लाल होतात. मेडिकलमधले थेंब घातले की लगेच पांढरे होतात. मग रोज घातले तर बिघडलं कुठे?’

थेंबांनी धूळ निघत नाही, कोरडेपणाही जात नाही. त्यातलं नॅफाझोलिनसारखं औषध बुबुळाभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या फक्त आवळतं. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात, पुष्कळदा आधीपेक्षा जास्त. शिवाय रोजच्या वापराने त्या औषधाला दाद देईनाशा होतात. सुरुवातीला सकाळचा थेंब संध्याकाळपर्यंत पुरायचा, आता दुपारीच बाटली शोधावी लागते, असं झालं की ओळखा: ही लाली थेंबांचीच आहे. दुर्दैवाने नेमकं तेव्हाच माणूस थेंब वाढवतो.

सलग तीन दिवसांच्या पुढे हे थेंब नकोतच. बंद केल्यावर काही दिवस डोळे जास्तच लाल दिसतील. तेवढं सोसा, थंड पाण्याच्या घड्या ठेवा. कोरडेपणा असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू चालतात. गाडीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर थेंबांनी लाली झाकू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.