सतरा गुण मिळूनही नापास: प्रथमोपचार प्रात्यक्षिकाच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

प्रथमोपचार पेटी ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्याकडे राज्य शासनमान्य प्रमाणपत्र असावे, अशी अट 1948 च्या कारखाने अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीने आली. जालन्याच्या स्टील कारखान्यांत किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची प्रात्यक्षिके घेण्यामागे ही अट होती. मात्र प्रात्यक्षिकाला गुण कसे द्यायचे, हे ठरायला बराच काळ गेला.

हृदय थांबल्यावर छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील बाल्टिमोरच्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी 1960 मध्ये मांडले. त्याच वर्षी नॉर्वेतील लेअर्डाल यांनी सरावासाठी पुतळा आणला. पुतळा आला, तरी ‘बरे केले’ की ‘वाईट केले’, हे परीक्षकाच्या मर्जीवरच राहिले. 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय परीक्षेसाठी वेगळी पद्धत सुचवली: ठरावीक वेळेचे टप्पे आणि परीक्षकाच्या हाती आधीच तयार केलेली यादी. आजची वेळबद्ध तपासणी यादी याच विचाराच्या वळणाची आहे.

यादी आली, तरी नुसत्या बेरजेतला धोका उरला. समजा, रोलिंग मिलमधील एका कामगाराची वीस गुणांची परीक्षा आहे. जागा सुरक्षित असल्याची खात्री, रुग्णाला हाक मारणे, 108 ला फोन करायला सांगणे, हातांची जागा, सारे नीट जमते आणि तो सतरा गुण मिळवतो. पण छातीवरचे तीस दाब त्याने अकरा सेकंदांत उरकले, म्हणजे मिनिटाला सुमारे 164. प्रौढांसाठी आजचा वेग मिनिटाला 100 ते 120 असल्याने तीस दाबांना 15 ते 18 सेकंद लागायला हवेत. घाईत छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात पुरेसे रक्त भरत नाही. म्हणूनच वेग आणि छाती वर येऊ देणे या पायऱ्या निर्णायक मानतात: त्यातली एक चुकली, तरी एकूण गुण कितीही असोत, निकाल ‘पुन्हा परीक्षा’.

घड्याळाला दाबाची खोली मात्र कळत नाही. पाच ते सहा सेंटिमीटर दाब पडला की नाही, हे आवाज करणारा किंवा मोजणारा पुतळा सांगतो. परीक्षकाने नुसत्या नजरेने त्याचे गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे.

पट्टी बांधण्यात घड्याळाचे काम गौण आहे. रक्तस्रावावर आधी थेट दाब दिला का आणि हाताला पट्टी बांधून झाल्यावर बोटांची नखे तपासली का, हे तिथे निर्णायक. नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परतला नाही, बोटे गार पडली किंवा बधिर झाली, तर पट्टी आवळलेली असू शकते. ती सैल करून पुन्हा बांधणाऱ्याचे गुण, थोडा वेळ जास्त लागला म्हणून, कापू नयेत.