१५३ आणि तिची तीन भावंडं

१५३ चे अंक १, ५ आणि ३. त्यांचे घन १, १२५ आणि २७, आणि बेरीज परत १५३. ही संख्या बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात सापडलेल्या माशांची मोजणी म्हणून येते. संत ऑगस्टिन यांना तिच्यात १ ते १७ या आकड्यांची बेरीज दिसली होती.

घनांची गोष्ट गणितात चर्चेला आली ती मुख्यतः इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्यामुळे. १९४० साली त्यांनी लिहिलं की १ सोडला तर अशा संख्या चारच: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. पण हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला त्यात फारसं काही नाही, असंही ते म्हणाले. मला मात्र त्यातला ‘चारच’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. थांबायचं कुठे, हे कसं कळलं?

सर्वांत मोठा अंक ९, त्याचा घन ७२९. पाच अंकांच्या घनांची बेरीज फार तर ३,६४५ होते, म्हणजे पाच अंकी संख्येपर्यंत ती पोहोचतच नाही. अंक वाढत गेले की ही तफावत आणखी वाढते. चार अंकांची बेरीज २,९१६ च्या पुढे जात नाही. तिथवर तपासलं तरी चार अंकी संख्या एकही सापडत नाही, दोन अंकीही नाही.

उरल्या तीन अंकी. शतक, दशक, एकक अंकांना अ, ब, क म्हणू. अट अशी मांडता येते:

१००अ − अ³ = (ब³ − १०ब) + (क³ − क)

आता प्रत्येक तुकड्याची दहा-दहा उत्तरं कागदावर लिहून काढायची. अ = १ घेतला की डावीकडे ९९ येतात. ब = ५ चे ७५ आणि क = ३ चे २४ मिळून ९९ होतात, आणि दुसरी कोणतीही जोडी जुळत नाही. अ = ३ ला २७३ हवेत, आणि ब = ७ एकटाच ते देतो. म्हणून क चा तुकडा शून्य हवा. तो ० ला शून्य होतो तसा १ लाही होतो. ३७० आणि ३७१ शेजारी-शेजारी का, याचं उत्तर इथेच आहे.

पुढे घनाऐवजी ‘जितके अंक तितका घात’ असा नियम झाला. प्रोग्रॅमिंग शिकणारे अशा संख्यांना आर्मस्ट्राँग संख्या म्हणतात. सी भाषेत ५ चा घन `pow(5,3)` ने काढला तर उत्तर दशांशी असतं. काही कंपायलरवर ते १२५ हून किंचित कमी येतं आणि पूर्णांकात टाकताना १२४ उरतात. मग १५३ च नापास होते. म्हणून सरळ गुणाकार करावा.

नव्या नियमालाही हद्द आहे: ६० अंकांपुढे अशी संख्या असूच शकत नाही. १९८५ साली विंटर यांनी दाखवलं की त्या एकूण ८८ आहेत. त्यांतल्या शेवटच्या दोन ३९ अंकी आहेत. त्याही शेजारी आहेत, एकीचा शेवट ० आणि दुसरीचा १.